सल्ला सदर : विवेकाधिकारावरची वाचनयादी मागताना

*मी एम.ए. लोकप्रशासनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ‘प्रशासकीय विवेकाधिकार’ हा विषय घेतलाय. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका मॅडमचा यावर अभ्यास आहे असं कळलं, म्हणून त्यांना मेल केला : ‘आदरणीय मॅडम, मला प्रशासकीय विवेकाधिकार या विषयावर लघुप्रबंध लिहायचा आहे. तरी कृपया पुस्तकांची यादी लवकरात लवकर पाठवावी.’ तीन आठवडे झाले, उत्तर नाही. पुन्हा लिहू का? लिहिलं तर काय लिहू? माझी आई गावात संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून देते. एकीचा अर्ज मंजूर होतो, तशाच दुसरीचा होत नाही, हे बघून मी हा विषय घेतला. असलं काही मेलमध्ये लिहायचं असतं का?*

— एक विद्यार्थिनी

लिहायचं असतं. तुमच्या पत्रात आईबद्दलचं जे वाक्य आहे तेच मेलमध्ये नव्हतं, आणि उत्तर न येण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. पुन्हा जरूर लिहा, पण तोच मेल परत पाठवू नका. मधल्या काळात आठ-पंधरा दिवस थोडं वाचा आणि मग लिहा. काय वाचायचं आणि मग काय विचारायचं, ते सांगते.

आधी मॅडमच्या बाजूने बघा. ‘प्रशासकीय विवेकाधिकार’ म्हणजे नियमाच्या चौकटीत अधिकाऱ्याला स्वतः ठरवण्याची मोकळीक, आणि या विषयाची पुस्तकं ग्रंथालयात दोन वेगवेगळ्या दालनांत असतात. एक दालन कायद्याचं. तिथले लेखक विचारतात की निर्णय घ्यायचा अधिकार कोणाला दिला होता, त्याने तो स्वतः वापरला का, कारणं दिली का आणि न्यायालय त्यात किती हात घालू शकतं. दुसरं दालन लोकप्रशासनाचं आणि समाजशास्त्राचं. तिथे विचारतात की खिडकीमागे बसलेला माणूस शंभर अर्ज समोर असताना खरोखर निर्णय कसा करतो, कोणाला आधी घेतो, कोणाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतो. दोन्हीकडे शब्द तोच आहे, पण पुस्तकं वेगळी आणि पुरावाही वेगळा. पहिल्या दालनात निकालपत्रं वाचावी लागतात, दुसऱ्यात कार्यालयात बसून बघावं लागतं. तुमच्या मेलवरून मॅडमना कळणारच नाही की तुम्हाला कोणत्या दालनात पाठवायचं. त्यांनी अंदाजाने चाळीस नावं पाठवली असती तर त्यातली तीस तुमच्या कामाची नसती. ज्याला हा विषय खरोखर माहीत आहे त्याला अशी यादी पाठवायला जड जातं, आणि मग ते काम मागे पडत जातं.

म्हणून मेल लिहिण्याआधी विषय एका अधिकारावर आणा. तुमच्याकडे तो आहेच : निराधार योजनेत पात्र कोण, हे ठरवण्याचा अधिकार. ‘एकीचा अर्ज मंजूर होतो, दुसरीचा नाही’ यातला विवेकाधिकार नेमका कुठे बसलाय हे शोधलंत की वाचायला काय हवं ते आपोआप दिसू लागतं. बरोबर करून बघू.

ही योजना शासन निर्णयांवर चालते. अटींपैकी सर्वांत ठाशीव अट उत्पन्नाची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांपर्यंत हवं, किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव हवं. (शासन निर्णय बदलत राहतात. तुम्ही ज्या वर्षांचे अर्ज अभ्यासाल त्या वर्षांचे मूळ शासन निर्णय काढून जवळ ठेवा, माझ्या किंवा कोणाच्याच आठवणीवर विसंबू नका.) वरवर पाहता इथे कोणाच्या मर्जीला जागाच नाही. आकडा ठरलेला आहे, त्याच्या आत असाल तर पात्र, बाहेर असाल तर अपात्र.

आता हिशेब करा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. वर्षात ७१ दिवस काम केलं की २१,०८७ रुपये होतात. म्हणजे तेव्हा सरकारने स्वतःच हमी दिलेलं शंभर दिवसांचं काम एखाद्या विधवेने खरोखर केलं, तर ती दोन-अडीच महिन्यांतच मर्यादेच्या बाहेर जाते. त्यात कुटुंबात आणखी एक कमावतं माणूस असेल तर बोलायलाच नको. तरीही तालुक्यातालुक्यात लोक या योजनेत पात्र ठरतात आणि त्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर मर्यादेच्या आतला आकडा असतो. तो आकडा पगाराच्या पावतीवरून येत नाही, कारण मजुराला पावती नसते. तो येतो अर्जदाराच्या स्वयंघोषणेवरून आणि तलाठ्याच्या चौकशीवरून, आणि त्यावर तहसील कार्यालयातून दाखला मिळतो. हंगामाचे किती दिवस धरायचे? पुण्याला असलेला मुलगा ‘कुटुंबात’ धरायचा की नाही? दोन शेळ्यांचं उत्पन्न मोजायचं का? यातलं काहीही नियमात इतकं बारीक लिहिलेलं नसतं. ते तलाठी ठरवतो.

इथे तुमच्या लघुप्रबंधाचा गाभा आहे, असं मला मनापासून वाटतं. अट जितकी कडक आणि वास्तवापासून दूर, तितका विवेकाधिकार त्या अटीतून निघून खालच्या पायरीवर जातो. तहसीलदाराच्या सहीजवळ तो दिसत नाही, कारण तिथे सगळं ‘नियमानुसार’ असतं. तो दाखल्यावरच्या आकड्यात दडलेला असतो. तशा दोन अर्जांपैकी एकच मंजूर झाला असेल तर बहुतेक वेळा दोघींच्या दाखल्यांवरचे आकडे वेगळे असतील, किंवा एकीचा दाखलाच निघाला नसेल. आईला विचारून बघा. ज्यांचं काम झालं नाही त्यांचे अर्ज नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले? अर्ज बघणाऱ्या तालुक्याच्या समितीपुढे जाऊन नामंजूर झाले, की समितीपर्यंत पोचलेच नाहीत? या दोन गोष्टी कायद्याच्या आणि अभ्यासाच्या दृष्टीने फार वेगळ्या आहेत. नामंजुरीचा कागद असतो. न पोचण्याचा बहुधा नसतो.

आता वाचन. मेल पाठवण्याआधी तीनच गोष्टी वाचा. तिन्ही तुमच्या प्रश्नाला थेट लागतात म्हणून सांगते आहे.

पहिलं, केनेथ कल्प डेव्हिस या अमेरिकी कायदेपंडिताचं ‘डिस्क्रिशनरी जस्टिस’, १९६९ सालचं. सगळं वाचलं नाही तरी चालेल, पण सुरुवातीचं प्रकरण नीट वाचा. विवेकाधिकाराची त्यांची व्याख्या साधारण अशी आहे : अधिकाऱ्याच्या सत्तेवर ज्या मर्यादा प्रत्यक्षात चालतात, त्यांच्या आत त्याला काय करायचं किंवा काय करायचं नाही यात निवड उरत असेल, तर त्याला विवेकाधिकार आहे. यातले दोन तुकडे अधोरेखित करा. एक, ‘प्रत्यक्षात चालणाऱ्या’ मर्यादा. कागदावर तलाठ्याला काहीच अधिकार नसेल, त्याला फक्त अहवाल द्यायचा असेल. पण तो अहवाल कोणी तपासत नसेल तर डेव्हिसच्या व्याख्येत तो विवेकाधिकार वापरतो आहे. दुसरा तुकडा ‘न करणं’. अर्ज टेबलावर तसाच ठेवणं हाही निर्णय आहे. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत विवेकाधिकार म्हणजे ‘आदेश देण्याचा अधिकार’ असं शिकवलं जातं आणि मग तुमच्या आईने पाहिलेली निम्मी उदाहरणं अभ्यासाच्या बाहेरच राहतात.

डेव्हिस पुढे उपाय सांगतात, तेही उपयोगी आहेत. विवेकाधिकार अजिबात नको असं ते म्हणत नाहीत. अनावश्यक असेल तो छाटा, उरेल त्याला शिस्त लावा, म्हणजे निकष आणि कारणं आधी उघड करा, आणि त्याच्यावर दुसऱ्या कोणाची तरी नजर ठेवा. हे तीन मुद्दे तुमच्या तालुक्याला लावून बघता येतात. निकष अर्जदाराला दिसतात का? नाकारल्याचं कारण लेखी मिळतं का? फेरतपासणी कोण करतं?

दुसरं, मायकेल लिप्स्की यांचं ‘स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी’, १९८० सालचं. शिक्षक, पोलीस, कल्याणकारी योजनांचे कर्मचारी, थोडक्यात थेट लोकांना भेटणारी नोकरशाही हा त्यांचा विषय. त्यांचं म्हणणं असं की काम अफाट आणि साधनं तुटपुंजी असताना ही माणसं जगण्यापुरत्या ज्या युक्त्या काढतात, जे नेहमीचे पायंडे पाडतात, तेच लोकांच्या दृष्टीने सरकारचं धोरण असतं. मंत्रालयातला शासन निर्णय अर्जदाराला कधी भेटत नाही, तिला तलाठी भेटतो. हे पुस्तक वाचताना तुम्हाला पानोपानी तुमचं तहसील कार्यालय दिसेल. तरी एक सावधगिरी ठेवा. लिप्स्कींचा कर्मचारी अमेरिकेतल्या शहरात आहे. त्याच्या आणि नागरिकाच्या मध्ये फारसं कोणी नाही. तुमच्या तालुक्यात मध्ये बरीच माणसं आहेत. अर्ज भरून देणारी तुमची आई आहे, सरपंच आहे, आणि पालकमंत्र्यांच्या शिफारशीने आलेले अशासकीय सदस्य ज्या समितीवर बसतात ती समिती आहे. लिप्स्की जसेच्या तसे लावले तर ही माणसं अभ्यासातून गळून जातील आणि सगळा दोष एकट्या तलाठ्यावर येईल. विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांत ही चूक फार वेळा दिसते. ‘क्षेत्रीय कर्मचारी मनमानी करतात’ एवढाच निष्कर्ष निघतो, आणि त्यासाठी अभ्यासाची गरज नव्हती.

या अडचणीवर एक पुस्तक मदत करतं, म्हणून वेळ मिळाला तर तेही चाळा : मानववंशशास्त्रज्ञ अखिल गुप्ता यांचं ‘रेड टेप’, २०१२ सालचं. उत्तर प्रदेशातल्या खालच्या पातळीवरच्या सरकारी कार्यालयांत बसून केलेलं काम आहे. त्यात वृद्धांच्या पेन्शनसाठी भरवलेल्या शिबिराचं वर्णन आहे, ते जरूर वाचा. अधिकारी कामाला लागलेले आहेत, हेतू वाईट नाही, आणि तरी कोणाला मिळालं आणि कोणाला नाही यात लहर भरून राहिली आहे. लहर ही एखाद्या वाईट माणसाची नसते, व्यवस्था ती रोजच्या कामातून तयार करत असते, हा त्यांचा मुद्दा तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे.

तिसरी गोष्ट पुस्तक नाही, निकालपत्र आहे. ‘कमिशनर ऑफ पोलीस, बॉम्बे विरुद्ध गोरधनदास भानजी’. निकाल १९५१ च्या नोव्हेंबरचा, छापला गेला १९५२ च्या अहवालांत. लहान आहे, एका संध्याकाळी होतं. indiankanoon.org वर किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या e-SCR या मोफत संकेतस्थळावर शोधा. तुम्ही लोकप्रशासनाच्या विद्यार्थिनी आहात म्हणून न्यायनिर्णय टाळू नका, कारण हा निकाल तहसील कार्यालयातल्या फायली कशा वाचायच्या ते शिकवतो.

हकिकत अंधेरीची आहे. तिथे एकाला सिनेमागृह बांधायचं होतं. त्या काळच्या नियमांप्रमाणे परवानगी देण्याचा आणि दिलेली परवानगी रद्द करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा होता, आणि रद्द करण्याच्या बाबतीत तर नियमात ‘पूर्ण विवेकाधिकार’ असेच शब्द होते. सिनेमा सल्लागार समितीने जागेची शिफारस केली आणि जुलै १९४७ मध्ये आयुक्तांनी परवानगी दिली. मग लोकांच्या हरकती आल्या. सप्टेंबरात आयुक्तांचं पत्र गेलं. त्याचा आशय असा : शासनाच्या निर्देशावरून आपणास कळवतो की आपली परवानगी रद्द करण्यात आली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राची सुरुवातच पकडली. रद्द करण्याचा अधिकार शासनाला नव्हताच, तो आयुक्तांचा होता. आणि आयुक्तांनी तर तो वापरलाच नव्हता, दुसऱ्याचा निर्णय फक्त पुढे पाठवला होता. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने परवानगी रद्द झालीच नव्हती. आयुक्तांच्या प्रतिज्ञापत्राचा आधार घेऊन नंतर असंही म्हणून बघितलं गेलं की निर्णय खरं तर त्यांचाच होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते मान्य केलं नाही. सार्वजनिक अधिकाऱ्याचा आदेश त्यातल्या शब्दांवरूनच वाचायचा, माझ्या मनात काय होतं हे त्याने मागाहून सांगून चालणार नाही, असं त्यांनी लिहिलं. पुढे १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल यांच्या निवडणूक खटल्यात न्यायालयाने हेच सूत्र पुन्हा उचललं आणि आज ते सगळीकडे उद्धृत होतं. पण मुळात ते अंधेरीच्या सिनेमागृहातून आलं आहे.

आता त्या निकालातला तुमच्या उपयोगाचा बारकावा. समोरून असाही युक्तिवाद झाला की मग परवानगी देतानाही आयुक्तांनी स्वतः कुठे ठरवलं होतं, तेव्हाही ते समितीच्या म्हणण्यावरच चालले होते. न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. समितीचा सल्ला विचारात घेऊन स्वतः ठरवणं वेगळं, आणि वरून आलेला हुकूम फक्त कळवणं वेगळं.

हा फरक घेऊन निराधार योजनेच्या समितीकडे परत या. तुमच्या काळातल्या शासन निर्णयात आधी एवढंच शोधा : मंजुरीचा अधिकार कोणाला दिलाय, समितीला की तहसीलदाराला? तो समितीला असेल तर तहसीलदाराने सदस्य सचिव म्हणून समितीचा निर्णय कळवणं योग्यच आहे, आणि मग प्रश्न असा उरतो की समितीने स्वतः डोकं चालवलं की तलाठ्याच्या अहवालावर एका बैठकीत शेकडो नावं वाचून संपवली. पण एखाद्या टप्प्यावर अधिकार तहसीलदाराचा असेल आणि कागदावर ‘मा. अध्यक्षांच्या सूचनेनुसार’ असं लिहिलेलं सापडलं, तर तुमच्या हातात अंधेरीचंच प्रकरण आहे. कागद कसा वाचायचा ते कळल्याशिवाय हा फरक दिसत नाही, आणि नुसत्या मुलाखती घेऊन तर तो कधीच दिसणार नाही, कारण मुलाखतीत प्रत्येक जण ‘नियमानुसार केलं’ असंच सांगतो.

कागद मिळवायला माहिती अधिकार आहे. त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये एक तरतूद आहे, तिच्याकडे विद्यार्थ्यांचं लक्ष जात नाही : प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाने बाधित होणाऱ्या व्यक्तीला सरकारने द्यायची असतात. त्याच कलमात निर्णय घेण्याची पद्धत आणि निकष आपणहून प्रसिद्ध करायला सांगितलं आहे. डेव्हिस जी शिस्त म्हणतात ती आपल्याकडे कायद्यात लिहिलेली आहे. ती तुमच्या तालुक्यात पाळली जाते का, हे मोजणं हाच एक सुबक लघुप्रबंध होईल. एका वर्षाच्या बैठकांची इतिवृत्तं मागा, आणि नामंजूर अर्जांच्या बाबतीत कारणाचा रकाना कसा भरलाय ते बघा. नुसतं ‘अपात्र’ लिहिलंय, की ‘उत्पन्न जास्त’ लिहिलंय, की कोणता पुरावा कमी पडला ते लिहिलंय? या तीन प्रकारांत नोंदी वाटून मोजल्यात तरी तुमच्याकडे असं काहीतरी येईल जे मॅडमकडेही नसेल.

निकालांबद्दल एक इशारा. पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींवरून खटल्याचं नाव मेलमध्ये घालू नका. विवेकाधिकाराच्या प्रत्येक टिपणात १९७९ चा रमणा शेट्टी खटला असतो. मुंबई विमानतळावरचं दुय्यम दर्जाचं उपाहारगृह आणि अल्पोपाहाराची दुकानं चालवायला देताना प्राधिकरणाने स्वतः घातलेली पाच वर्षांच्या अनुभवाची अट बाजूला ठेवली. न्यायालयाने सांगितलं की स्वतः जाहीर केलेल्या निकषाला सरकारी संस्था बांधलेली असते. इथपर्यंत सगळे लिहितात. पण अर्जदार हरला, हे फार थोडे लिहितात. तो उशिरा आला होता, दुसऱ्याच कोणाच्या तरी वतीने आला होता, आणि तोवर कंत्राटदाराने पैसा घालून काम सुरू केलं होतं, म्हणून न्यायालयाने दिलासा दिला नाही. तत्त्व जिंकलं आणि माणूस हरला, हे माहीत असलेल्या विद्यार्थ्याने तो निकाल वाचलाय हे शिक्षकाला लगेच कळतं. तुमच्या विषयातही हे महत्त्वाचं आहे, कारण निराधार बाईच्या बाबतीत तर न्यायालयात जाणंच जवळपास अशक्य असतं. मग तिच्यासाठी निकालांचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा.

एवढं झालं की मेल लिहा. साधारण असा :

*विषय : निराधार योजनेतील पात्रतेच्या निर्णयावरील लघुप्रबंध – वाचनाबद्दल दोन प्रश्न*

*आदरणीय मॅडम,*

*नमस्कार. मी अमुक विद्यापीठात एम.ए. लोकप्रशासनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे मार्गदर्शक अमुक सर आहेत आणि त्यांना विचारूनच आपल्याला लिहीत आहे. मागे मी आपल्याला वाचनयादीबद्दल लिहिलं होतं, पण तेव्हा माझा प्रश्न नेमका नव्हता.*

*माझ्या तालुक्यात संजय गांधी निराधार योजनेत पात्रता कशी ठरते, हे मी अभ्यासते आहे. माझी आई गावात हे अर्ज भरून देते, त्यामुळे प्रक्रिया जवळून पाहिली आहे. माझा अंदाज असा आहे की उत्पन्नाची मर्यादा इतकी कमी आहे की खरा निर्णय समितीत न होता तलाठ्याच्या चौकशीत, उत्पन्नाचा आकडा ठरताना होतो.*

*डेव्हिस यांच्या पुस्तकाचं सुरुवातीचं प्रकरण, लिप्स्की यांचं पुस्तक आणि गोरधनदास भानजी निकाल मी वाचला आहे. लिप्स्की यांच्या मांडणीत कर्मचारी आणि नागरिक समोरासमोर असतात. इथे मध्ये अर्ज भरून देणारे, गावचे पुढारी आणि समिती आहे. तिथे मी अडले आहे.*

*दोन प्रश्न : भारतात अशा मधल्या माणसांचा पात्रतेच्या निर्णयावर काय परिणाम होतो, यावर आधी कोणतं काम वाचावं? आणि माझ्या प्रश्नासाठी कायद्याच्या बाजूचं आणखी वाचन गरजेचं आहे, की क्षेत्रकामावर भर द्यावा?*

*एका पानाचा आराखडा सोबत जोडला आहे. लघुप्रबंध मार्चअखेर द्यायचा आहे. आपण एखाद-दोन नावं सुचवलीत तरी मला पुढे जाता येईल.*

*आपली नम्र,*
*(नाव, विभाग, विद्यापीठ)*

यातले शब्द तुमचे करा, पण चार गोष्टी राहू द्या. मार्गदर्शकांचा उल्लेख असू द्या, आणि त्यांना खरोखर विचारा, नाहीतर दोन्हीकडे अवघड होतं. काय वाचलं ते प्रामाणिक असू द्या. लिप्स्की यांची दोनच प्रकरणं वाचली असतील तर ‘पहिली दोन प्रकरणं’ असंच लिहा, कारण उत्तर त्या हिशेबानेच येणार आहे. अडल्याची जागा नेमकी सांगा. आणि मागणी लहान ठेवा. ‘यादी’ हा शब्द मी मुद्दाम काढला आहे. एका-दोन नावांचं उत्तर मॅडम दोन तासिकांच्या मधल्या वेळात फोनवरून देऊ शकतात. ‘लवकरात लवकर’ काढून त्या जागी खरी मुदत घातली आहे. मुदत कळली की उत्तर देणाऱ्याला स्वतःची सोय बघता येते. पुस्तकांच्या पीडीएफ मात्र मागू नका. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचारा, ते काम त्यांचं आहे आणि ते फार चांगलं करतात.

मेल त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे आधीचा संदर्भ खाली राहील. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एक ओळीची आठवण करा, तिसऱ्यांदा नको. तेव्हा तुमच्या विभागातल्याच दुसऱ्या कोणाकडे हेच दोन प्रश्न घेऊन जा. कायद्याच्या महाविद्यालयात प्रशासकीय कायदा शिकवणारं कोणी असेल तर त्यांनाही दुसरा प्रश्न विचारता येईल. आणि उत्तर आलं, तर त्यांनी सांगितलेलं निदान एक वाचून मगच आभाराचा मेल लिहा, त्यात काय सापडलं ते दोन ओळींत सांगा. पुढचा प्रश्न विचारायची वाट त्यानेच मोकळी राहते.

शेवटी तुमच्या आईबद्दल. मेलमध्ये त्यांचा उल्लेख करा, लघुप्रबंधातही करा, आणि स्पष्ट करा. तुम्ही बाहेरून बघणाऱ्या नाही हे वाचणाऱ्याला कळायला हवं. तुमच्या घरातलंच एक माणूस त्या प्रक्रियेचा भाग आहे. त्यामुळे तुम्हाला बरंच दिसतं, आणि काही गोष्टी दिसायच्या राहूही शकतात : आईने ज्यांचे अर्ज भरले त्यांच्याबद्दल तुम्हाला माहिती आहे, जे दुसऱ्याकडे गेले किंवा कोणाकडेच गेले नाहीत त्यांच्याबद्दल नाही. पण आईकडे असलेल्या अर्जांच्या झेरॉक्स प्रती त्या बायकांना न विचारता वापरू नका. त्या प्रती त्यांनी पेन्शन मिळावी म्हणून दिल्या होत्या. प्रत्येकीला भेटा, कशासाठी हवंय ते सांगा, नाव आणि गाव लिहिणार नाही असं सांगा आणि मग विचारा. तलाठ्याचं नावही लिहू नका. तालुका छोटा असेल तर सजाचं, म्हणजे त्या तलाठ्याकडे असलेल्या गावांच्या गटाचं, नावसुद्धा बदला, कारण अमुक सजाचा तलाठी म्हटलं की माणूस कोण ते सगळ्यांना कळतं, आणि त्या बायकांना पुढच्या वर्षी दाखल्यासाठी त्याच्याकडेच जायचं असतं.